चवथीनंतरचं पत्र: आठवण पोचवायची, ओझं नाही

'यंदाही चवथीला येणं जमणार नाही,' असा निरोप कुवेतहून किंवा दुबईहून येतो, सण पार पडतो, आणि विसर्जनानंतरच्या रिकाम्या दुपारी घरातली बाई कागद घेऊन बसते. सगळ्यांत जास्त चुकतं ते हेच पत्र. लिहिणारीला एवढंच सांगायचं असतं, की तुझी फार आठवण आली. वाचणाऱ्याला ऐकू येतं, की तू आला नाहीस.

मी अकरा वर्षं अशी पत्रं लिहिली. नवरा कायमचा परत आला तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती सगळी जपून ठेवलेली होती. डिचोलीच्या घरी पडवीत बसून आम्ही दोघांनी ती पुन्हा वाचली. काही पत्रांच्या घड्या उघडून उघडून फाटायला आल्या होत्या. काही मात्र एकदाच उघडून परत पाकिटात घातलेली. एकदाच उघडलेली कुठली ते पाहत गेले, तशी मला माझी चूक कळत गेली. पुढे वाड्यावरच्या दोघीतिघींनी आपली पत्रं दाखवली, तर त्याच चुका त्याच जागी होत्या. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

उदाहरण बायको इथे आणि नवरा आखातात असं घेतलं आहे, कारण ते मला आतून माहीत आहे. बायको आयर्लंडला नर्स आहे आणि नवरा फोंड्याला घर सांभाळतो, अशा घरातही पायऱ्या ह्याच राहतील.

कागद घेण्याआधी: त्याच्या हातात काय आहे?

हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्या. कुवेतमधल्या खासगी नोकरीत कायद्याने वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते, पण ती कधी द्यायची हे मालक ठरवतो. चवथ तर दर वर्षी हलते. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे गेल्या वर्षीची रजा बघून यंदाची मागितली, तर सण तिसरीकडेच जातो. 'मनात असतं तर आला असतास' हे वाक्य पत्रात लिहिलं नाही तरी मनात असलं की ते शब्दांतून डोकावतं. ते मनातून काढायचा माझ्या माहितीतला एकच मार्ग म्हणजे रजा कशी मिळते, किती महिने आधी मागावी लागते, कोण मंजूर करतं, हे त्याला एकदा फोनवर नीट विचारून घेणं.

मग एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहा. त्याच्या हातात आहे: शुक्रवारचा फोन, पत्राचं उत्तर, रजेचा अर्ज वेळेवर देणं. त्याच्या हातात नाही: तारीख, विमानाचं भाडं, मालकाची मर्जी. ही चिठ्ठी पुढे दोनदा लागणार आहे.

१. चार-पाच दिवस वहीत टिपणं करा

पत्र लिहायला बसून आठवणी गोळा करू नका. त्या वेळी मन भरून आलेलं असतं आणि भरलेल्या मनातून 'कशातच लक्ष लागत नाही', 'घर खायला उठतं' अशीच वाक्यं येतात. ती खोटी नसतात, पण त्यांना किनारा नसतो. वाचणारा आखातातल्या खोलीत, बाकीचे झोपलेले असताना, अशा वाक्याचे चोवीस तास करून घेतो. आपण दिवसभर रडत बसलो आहोत असं त्याला दिसतं. खरं तर आपण दुपारी बाजारात जाऊन मासळीवालीशी भावावरून हुज्जत घालून आलेलो असतो.

म्हणून आठवण आली की तिथल्या तिथे तीनच गोष्टी टिपा: वेळ, जागा, वस्तू. भावना लिहू नका, ती आपोआप मागून येते. माझ्या जुन्या वहीतली दोन टिपणं देते:

'शनिवार, सकाळी सहा. पोदेराचा भोंगा. सवयीने चार उंडे घेतले. घरात आल्यावर लक्षात आलं, तीनच लागतात.'

'बुधवार, रात्री. मागल्या दाराची कडी. पावसाने लाकूड फुगलंय, ती खांद्याने दाबून लावावी लागते.'

पाच-सहा टिपणं झाली की पुरे. पत्रात त्यातली दोनच जातील.

*सावधान:* फोनवर वाद झाला असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वही उघडू नका. त्या दोन दिवसांत टिपलेली वस्तूसुद्धा आरोपासारखी उतरते.

२. एका पत्रातून तीन कागद वेगळे काढा

आता मनात जे जे आहे ते कच्चं लिहून काढा आणि तीन कागदांवर वाटा. पहिल्यावर आठवण. दुसऱ्यावर काम, म्हणजे पैसे, घर, शाळा, दवाखाना, येण्याजाण्याची विचारणा. तिसऱ्यावर राग आणि तक्रार.

ही पायरी बहुतेक जणी गाळतात, आणि पत्र इथेच बिघडतं. 'तुझी आठवण येते' ह्याच्या खालच्याच ओळीत 'स्वयंपाकघरातली कौलं गळताहेत' आलं, की वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही जोडली जातात. आठवण हे बिल होतं आणि बिल हा टोमणा. नवऱ्याने मला सांगितलं, अशी पत्रं वाचताना तो आठवणीच्या ओळींवरून नजर नुसती फिरवायचा, कारण पुढे खर्च किती आहे ते त्याला आधी बघायचं असायचं. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कामाचा कागद पाकिटात जाऊ द्या, पण वेगळ्या घडीत आणि वर 'घरचं' असं लिहून. त्यावर प्रत्येक कामाला तीन गोष्टी हव्यात: किती लागतील, कधीपर्यंत, आणि नाही जमलं तर इथे आपण काय करणार. 'आठ कौलं फुटली आहेत, दिवाळीआधी बदलायला हवीत, तोवर प्लॅस्टिक घातलं आहे.' एवढं लिहिलं की तो हिशेब करतो आणि निर्धास्त होतो. 'कौलं गळताहेत, काय करू कळत नाही' असं लिहिलं की तो फक्त झुरतो.

तिसरा कागद पाकिटात घालायचा नाही. फाडायचाही नाही. आठवड्याने वाचा. तेव्हाही जी तक्रार खरी वाटेल, ती फोनवर सरळ बोला. पत्रातला राग वाईट अशासाठी, की तो पोचतो तेव्हा आपला निवळलेला असतो आणि त्याचा सुरू होतो.

*तपासा:* पहिल्या कागदावर रुपयांचा एकही आकडा नाही ना?

३. पत्राचा क्रम ठरवा

आता पहिला कागदच पत्र आहे. त्यात आठवण कुठे ठेवायची हे महत्त्वाचं आहे.

सुरुवातीला ठेवली तर वाचणारा दचकतो. दूर असलेल्या माणसाला पाकीट उघडताना एकच भीती असते, घरी काही झालं तर नाही ना. त्यामुळे पहिल्या दोन-तीन ओळींत घरातलं एक साधं, घडून गेलेलं दृश्य द्या, म्हणजे त्याचा श्वास खाली बसतो. शेवटी ठेवली तर आणखी वाईट. शेवटची ओळ त्याच्याबरोबर राहते. ती घेऊन तो कामावर जातो, आणि त्यावर तिथून काहीच करता येत नसतं.

म्हणून आठवण मधोमध ठेवा. तिच्यानंतर निदान दोन परिच्छेद येऊ द्या. आणि ती ज्या क्षणी आली तो क्षण कसा संपला, हेही लिहा. ही एक ओळ बहुतेक पत्रांत नसते. 'मग मी नैवेद्याची पानं मांडायला घेतली,' एवढंसं वाक्य पुरतं. आठवण आली, राहिली, आणि हात पुन्हा कामाला लागले, हे त्याला दिसलं की तो तुमच्याबरोबर त्या क्षणातून बाहेर येतो. नाहीतर तो तिथेच उभा राहतो.

शेवट आजूबाजूच्या एखाद्या चालू गोष्टीवर करा. चुलीवर काय आहे, परसात काय पिकलंय. मोकळं सोडायचं.

४. वाक्यं बांधा

ह्या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

आपल्या भाषेची एक सोय आहे. 'मला तुझी आठवण आली' ह्या वाक्यात काही करणारी आहे ती आठवण. ती आली. मी काही मागितलं नाही, त्याने काही चुकवलं नाही. कोकणीत आपण घरात 'तुजी याद येता' म्हणतो, तिथेही तसंच. आता 'तू असतास तर माटोळी नीट बांधली गेली असती' हे वाक्य बघा. ते त्याला क्षणभर घरात उभं करतं आणि लगेच बाहेर काढतं, शिवाय एका बिघडलेल्या कामाचं कारण त्याच्या नावावर टाकतं. 'असतास तर' हे रूप पत्रात दिसलं की खाली रेघ ओढा आणि वाक्य फिरवून 'आठवण आली' वर आणा: 'माटोळी बांधताना तुझी आठवण आली.'

दुसरं, बारीक शब्द बघा. 'मी एकटी बाजारात गेले' ही बातमी आहे. 'मी एकटीच बाजारात गेले' ही तक्रार आहे. फरक एका 'च'चा. 'सुद्धा', 'शेवटी', 'तरी', 'नेहमीप्रमाणे' हे त्याच कुळातले. 'शेवटी मीच गेले' ह्यात तर दोन बसले आहेत. लिहिताना हे शब्द हाताला जाणवत नाहीत, कारण बोलताना आपण ते सहज टाकतो आणि चेहऱ्यावरचं हसू त्यांची धार काढून घेतं. कागदावर हसू नसतं.

तिसरं, 'काळजी करू नकोस'. आधी काही सांगितलेलं नसताना हे लिहिलं, की काळजी करण्यासारखं काहीतरी लपवलं आहे असं वाटतं. सोडून द्या. त्याच्या जोडीला 'सवय झाली आता' येतं. ते लिहिताना आपण त्याला धीर देतो आहोत असं वाटतं. नवऱ्याने सांगितलं, अख्ख्या डब्यात त्याला सगळ्यांत खोल लागलेले शब्द हेच. आता माझी गरज राहिली नाही, असा त्याने त्यांचा अर्थ लावला होता.

चौथं, मूल. 'बाबू रोज विचारतो, बाबा कधी येणार.' मूल विचारत असेलही. पण हे वाक्य पत्रात घातलं, की आपला प्रश्न आपण मुलाच्या तोंडून विचारतो आणि त्याला 'नाही' म्हणायची वाटच उरत नाही. मुलाबद्दल लिहायचं तर मुलाने काय केलं ते लिहा. त्याला बापाशी बोलायचं असेल तर त्याला स्वतंत्र कागद द्या. तो गणपती काढेल किंवा उंदीर काढेल, आणि त्याखाली आपण काही लिहायचं नाही.

आणि एक उलटी चूक. हे सगळं वाचून काही जणी आठवणच काढून टाकतात आणि 'आम्ही मजेत, चवथ जोरात झाली' असं लिहितात. त्यानेही माणूस बाजूला पडतो. आठवण एकदा स्पष्ट, सरळ शब्दांत यायलाच हवी: 'मला तुझी आठवण आली, खूप आली.' एकदाच. दुसऱ्यांदा लिहिली की ती विनवणी होते.

मायना आणि भाषेबद्दलही सांगते. आपण घरात कोकणीत बोलतो आणि पत्र मराठीत लिहितो, तेही शाळेत शिकलेल्या मराठीत. त्यामुळे घरात 'तू' म्हणणारी मी पत्रात 'तुम्ही' व्हायचे, 'पत्रास कारण की' असं सुरू करायचे. त्या चौकटीत आठवण अवघडून बसते. घरात जे म्हणता तेच पत्रात म्हणा. एखादं वाक्य मनात कोकणीत आलं तर तसंच राहू द्या.

*तपासा:* 'असतास तर', 'च', 'सुद्धा', 'शेवटी', 'सवय', 'कधी येणार' ह्या सहांवर पेन्सिलीने गोल करा. दोनपेक्षा जास्त गोल आले तर तो परिच्छेद पुन्हा लिहा. शब्द नुसते खोडून भागत नाही, कारण तक्रार वाक्याच्या बांधणीत राहून जाते.

एक पत्र, आधी आणि नंतर

हे माझं खरं पत्र, दुसऱ्या वर्षीचं. एकदाच उघडलेल्यांपैकी.

'चवथ झाली एकदाची. तुम्ही नव्हता त्यामुळे कशातच मन लागलं नाही. माटोळी बांधायला कोणीच नव्हतं, शेवटी धाकट्या भावजींना बोलवावं लागलं. वाड्यावर सगळ्यांचे नवरे आले होते. बाबू रोज विचारतो, बाबा कधी येणार, त्याला काय सांगू? नेवऱ्या केल्या, पण घशाखाली उतरल्या नाहीत. स्वयंपाकघरातली कौलं गळताहेत. असो. काळजी करू नका, मी सगळं सांभाळते आहे, सवय झाली आता.'

पडवीत हे वाचताना मला पहिल्यांदा दिसलं, की ह्यात 'तुमची आठवण आली' हे वाक्य कुठेच नाही. जे सांगायला बसले तेच राहून गेलं. 'एकदाची' ह्या शब्दाने सण हेच ओझं झालं. माटोळीच्या वाक्यात भावजींनी केलेली मदत 'शेवटी' आणि 'लागलं' ह्या दोन शब्दांनी नाइलाज ठरली, आणि त्याला वाटलं की त्याच्या भावाने आढेवेढे घेतले. खरं तर भावजी आदल्या संध्याकाळपासून रानात फिरून फळं गोळा करत होते. 'सगळ्यांचे नवरे' हेही खरं नव्हतं, समोरच्या घरातला मुलगा त्या वर्षी बोटीवर होता. नेवऱ्यांच्या वाक्यामुळे तिथे त्याच्याही घशाखाली घास उतरेना. मग कौलं. आणि मग 'असो', ज्याच्यापुढे कोणालाच काही बोलता येत नाही.

आज तेच पत्र लिहायचं तर मी असं लिहीन:

'काल विसर्जन झालं. दुपारपर्यंत पाऊस होता, पण मूर्ती बाहेर काढताना थांबला. घुमटावर शेजारचा मुलगा होता, त्याचा ताल दोनदा चुकला आणि सगळ्यांबरोबर तोही हसला.

माटोळी भावजींनी बांधली. आदल्या दिवशी रानात फिरून कवंडळं आणि आंबाडे घेऊन आले, सुपारीचे घोस आपल्याच कुळागरातले. चिबूड मात्र डावीकडे थोडा खाली लोंबत होता. केवणीच्या दोराची गाठ तू कशी मारतोस ते मला आठवलं, अंगठ्याखाली दोर धरून. मला तुझी आठवण आली, खूप आली. पहिली आरती होईपर्यंत मी त्या चिबडाकडे बघत होते. मग नैवेद्याची पानं मांडायला घेतली.

बाबूने यंदा समईत तेल घालायचं काम मागून घेतलं. एक थेंब सांडला नाही हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

हळदीची पानं अजून आहेत, आज उरलेल्या पिठाच्या पातोळ्या करते आहे. वाफ आली की लिहिणं थांबवीन. हे शुक्रवारी निवांत वाच. उत्तर सुचेल तेव्हा लिही.

आली वाफ.'

हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, 'मग चिबूड पडला काय?' मला नेमकं हेच हवं होतं. जुन्या पत्राला त्याचं उत्तर होतं, 'पुढच्या वर्षी नक्की प्रयत्न करतो,' आणि तो प्रयत्न त्याच्या हातात नव्हता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दोन्ही पत्रांत घटना बहुतेक त्याच आहेत. दुःखही तेवढंच आहे. कौलं कामाच्या कागदावर गेली आणि नेवऱ्या गळल्या, बाकी काही लपवलेलं नाही.

५. मागायचं असेल ते उघड मागा

आठवणीला विनंतीचं काम लावू नका. मे महिन्यात मुलाच्या सुट्टीत तो यावा असं वाटत असेल, तर कामाच्या कागदावर तसं लिहा: 'मे महिन्यात रजा मागता येईल का? अर्ज कधी द्यावा लागेल? नाही जमलं तर डिसेंबरचं बघू.' ह्यात महिना आहे, त्याला करता येण्यासारखं एक काम आहे, आणि 'नाही' म्हणायला जागा आहे. सुरुवातीची चिठ्ठी इथे काढा. विनंती 'त्याच्या हातात आहे' ह्या ओळीतली असली पाहिजे. 'ये' हे त्या ओळीत बसत नाही. 'अर्ज दे' बसतं.

एका पत्रात एकच विनंती. आणि तिचं उत्तर 'नाही' आलं, तर पुढच्या पत्रात ती पुन्हा काढायची नाही. इथेच 'नाही जमलं तरी चालेल' हे खरं होतं की नुसतं लिहिलेलं, ते त्याला कळतं.

६. रात्रभर ठेवा, सकाळी त्याच्या जागेवरून वाचा

पत्र पूर्ण झालं की बंद करा आणि झोपा. सकाळी मोठ्याने वाचा. आपल्या आवाजात नको, कारण आपल्या आवाजात सगळंच प्रेमळ वाटतं. बारा तासांची पाळी करून आलेल्या, दमलेल्या माणसाच्या सपाट आवाजात वाचा. प्रत्येक वाक्याला थांबून एकच प्रश्न विचारा: ह्याला 'माफ कर' सोडून दुसरं काही उत्तर देता येईल का? 'चिबूड खाली लोंबत होता' ह्याला देता येतं. 'घर खायला उठतं' ह्याला येत नाही. ज्या वाक्याचं उत्तर फक्त माफी आहे ते वाक्य बदला, कितीही सुंदर उतरलेलं असो.

चिठ्ठी दुसऱ्यांदा इथे लागते. 'त्याच्या हातात नाही' ह्या ओळीतली एखादी गोष्ट पत्रात नकळत शिरली आहे का, ते बघा. विमानाच्या तिकिटाचा नुसता उल्लेखसुद्धा पुरतो.

७. पाठवणं आणि नंतरचं गप्प राहणं

टपालाने पाठवत असाल तर वर तारीख आणि पत्राचा क्रमांक घाला. पत्रांना दोन-तीन आठवडेही लागू शकतात आणि ती मागेपुढे पोचतात. क्रमांक नसेल तर रागाच्या फोननंतरचं समजुतीचं पत्र आधी आणि त्याच्या आधीचं नंतर असं वाचलं जातं. ह्याच कारणाने 'परवा डॉक्टरकडे जाणार आहे' असली अर्धवट बातमी टपालात घालू नका. ती पोचेपर्यंत आपण बऱ्या झालेल्या असतो आणि तो तिथे घाबरतो.

हल्ली पुष्कळ जणी हाताने लिहून कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. चांगलंच आहे, फक्त वेळ बघा. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपण रात्री दहाला पाठवलं तर तिथे साडेसात वाजलेले असतात, कदाचित तो अजून बसमध्ये असेल. तिथली सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे गुरुवारी रात्री पाठवलेलं पत्र निवांत वाचलं जातं. पानांवर क्रमांक घाला. आणि पाठवल्यावर फोन बाजूला ठेवा. निळ्या खुणा उमटल्या, दहा मिनिटं उत्तर नाही, म्हणून 'वाचलंस ना?' विचारलं, की 'उत्तर सुचेल तेव्हा लिही' ही आपली ओळ आपणच खोडली. पत्र दोनदा वाचायला वेळ लागतो.

पुढच्या फोनवर पत्राचा विषय आपण काढू नका. तो काढेल तेव्हा बोला. कित्येकदा तो फोनवर काढतच नाही, कारण खोलीत आणखी चौघे असतात.

परदेशातून लिहिणाऱ्यासाठी थोडं

ओझं दोन्ही बाजूंनी जातं. 'तुमच्यासाठीच इथे राबतोय' हे वाक्य 'सवय झाली आता' च्या तोडीचं आहे. त्याला उत्तर म्हणून घरच्यांना फक्त उपकार मानता येतात. 'तुझं बरं आहे, घरची माणसं आहेत' हेही तसंच. तिथलंही दृश्य लिहा: खिडकीतून काय दिसतं, दुपारच्या उन्हात कुठे उभं राहावं लागतं, जेवणाच्या डब्यातल्या कशाने घरची चव आठवली. आणि कधी येणार ते माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा. 'बघू', 'लवकरच' ह्या शब्दांवर इथे कॅलेंडरवर गोल काढले जातात.

हे पत्र कधी लिहू नये

पैसे येणं बंद झालं असेल, फोन लागत नसेल, मनात संशय असेल, तर आठवणीचं पत्र लिहू नका. ते कितीही नीट बांधलं तरी आतला प्रश्न बाहेर येतो, आणि मग पुढची चांगली पत्रंही त्याच नजरेने वाचली जातात. तो प्रश्न सरळ, त्याच्याच नावाने विचारा, शक्यतो बोलून. त्याचं उत्तर मिळाल्यावर वही उघडा.

८. उत्तर आलं की

त्याच्या पत्रातली एक वस्तू धरा आणि तिच्यापासून पुढचं पत्र सुरू करा. त्याने लिहिलं असेल की खोलीतल्या कोणीतरी सोलकढी करायचा प्रयत्न केला आणि ती पांढरीच राहिली, तर पहिली ओळ सोलांची. किती सोलं, किती वेळ भिजत घालायची. पुढच्या पार्सलमध्ये पाव किलो घातली आहेत, हेही तिथेच. मग क्रमांक, तारीख, आणि वहीतलं नवं टिपण.